खुंबूच्या वाटेवरचे थांबे: एव्हरेस्ट बेस कॅम्पचे वेळापत्रक कसे आखतात

नेपाळच्या खुंबू भागातले लुक्ला ते एव्हरेस्ट बेस कॅम्प हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरांचे आहे. वर जाताना या वाटेला आठ दिवस लागतात आणि त्याच वाटेने खाली यायला तीन दिवस पुरतात. चढ-उताराचा फरक धरला तरी एवढी तफावत पायांमुळे पडत नाही. चालण्याची सवय असलेला माणूस दमाच्या हिशेबाने हे अंतर चार दिवसांत चढून जाईल. बाकीचे दिवस विरळ हवेत श्वास, रक्त आणि मूत्रपिंडे यांना नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी लागतात. या जुळवून घेण्याला ट्रेकर मंडळी अ‍ॅक्लमटायझेशन म्हणतात. ट्रेकच्या वेळापत्रकातला हा भाग माणसाच्या इच्छेने आखडता येत नाही.

हवेतल्या ऑक्सिजनचे प्रमाण समुद्रकिनाऱ्यावर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सारखेच, सुमारे २१ टक्के असते. उंचीबरोबर कमी होतो तो हवेचा दाब. ३४४० मीटरवरच्या नामचे बझारमध्ये हा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरतो आणि ५३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला साधारण निम्मा. त्यामुळे छातीत तेवढीच हवा भरली, तरी त्यातून रक्तात जाणारा ऑक्सिजन कमी पडतो. मानेतल्या रोहिणीजवळच्या सूक्ष्म ग्रंथींना ही उणीव लगेच जाणवते आणि त्या श्वास वाढवण्याचा आदेश देतात. पण जोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो आणि रक्त आम्लतेकडून अल्कतेकडे झुकते. हे झुकणे मेंदूला खटकते आणि तो श्वासाला पुन्हा लगाम घालतो. रात्री झोपेत ही ओढाताण स्पष्ट दिसते. श्वास खोल होत जातो, मग काही सेकंद थांबतो आणि झोपलेला माणूस दचकून जागा होतो. शेजारी झोपलेल्याला हे पाहून भीती वाटते, पण या उंचीवर ते बहुतेकांना होते आणि तो आजार नाही.

ही कोंडी मूत्रपिंडे सोडवतात. रक्तातले जादा अल्क ती लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे श्वासावरचा लगाम ढिला होतो आणि माणूस झोपेतही पुरेसा श्वास घेऊ लागतो. हे काम काही तासांत सुरू होते, पण पुरे व्हायला दोन ते पाच दिवस लागतात, आणि उंची वाढली की नव्याने करावे लागते. तांबड्या पेशी वाढणे, ज्याची चर्चा सर्वांत जास्त होते, ती आठवड्यांची गोष्ट आहे. दोन आठवड्यांच्या ट्रेकमध्ये तिचा वाटा थोडा असतो. म्हणून नामचेला किंवा डिंगबोचेला एक दिवस जास्त राहायचे, ते प्रामुख्याने मूत्रपिंडांना वेळ देण्यासाठी.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, हे औषध नेमके हेच काम लवकर करवते. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतात, आणि तेही डॉक्टरांना विचारून. सल्फा औषधांची गंभीर अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. हे औषध लक्षणे झाकत नाही, शरीराची प्रक्रिया पुढे ढकलते. तरीही वेगाने चढण्याचा परवाना म्हणून त्याच्याकडे पाहणे चूक आहे. गोळी घेऊन मुक्काम गाळणाऱ्यांनाही उंचीचा आजार होतो.

सह्याद्रीत वर्षभर चढणाऱ्या महाराष्ट्रातल्या ट्रेकरांचा इथे एक ठरलेला गैरसमज असतो. कळसूबाई हे राज्यातले सर्वोच्च शिखर १६४६ मीटरचे आहे, आणि उंचीचा आजार साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर दिसू लागतो. सह्याद्रीतल्या चढाईने मांड्या आणि फुप्फुसे तयार होतात, मूत्रपिंडांना मात्र त्यातून काहीच शिकायला मिळत नाही. उलट तंदुरुस्त माणूस वेगाने चढू शकतो म्हणूनच जास्त अडचणीत येतो. दम लागून थांबण्याची पाळी त्याच्यावर उशिरा येते आणि तोवर तो नको तितक्या उंचीवर पोहोचलेला असतो. आजार कोणाला होईल हे वय, व्यायाम किंवा निश्चय यांवरून सांगता येत नाही. पूर्वी त्याच उंचीवर काय झाले होते, हाच त्यातल्या त्यात उपयोगी अंदाज आहे.

या विषयातले बरेचसे मूलभूत ज्ञान भारतीय सैन्याच्या अनुभवातून आले आहे. १९६२ च्या युद्धात मैदानी भागातले जवान थेट हिमालयाच्या उंचीवर नेले गेले. त्या काळातल्या रुग्णांच्या नोंदींवरून इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये १९२५ जवानांच्या उंचीच्या आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर सैन्याची जी पद्धत बसली तिच्यात तीन टप्पे आहेत: २७०० ते ३६०० मीटरदरम्यान सहा दिवस, ३६०० ते ४५०० पर्यंत चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस. पहिले दोन दिवस तर फक्त विश्रांती. सुटीवर निघालेला ट्रेकर एवढा वेळ देऊ शकत नाही, आणि त्याला तिथे वजन वाहून लढायचेही नसते. पण हे आकडे समोर ठेवले की खुंबूच्या प्रचलित वेळापत्रकातले दोन थांबे किती काटकसरीचे आहेत हे कळते. त्यांतला एकही गाळण्याजोगा नाही.

गिर्यारोहण-वैद्यकात रूढ असलेला नियम असा: ३००० मीटरच्या वर रोजच्या झोपेची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. मोजायची ती रात्रीच्या मुक्कामाची उंची. दिवसा त्याहून वर जाऊन यायला हरकत नाही, चांगलेच आहे. गावे ठरावीक अंतरांवर असल्यामुळे एखादा टप्पा ५०० च्या वर जातो. तेव्हा आधी किंवा नंतर थांबून सरासरी खाली आणतात.

हा नियम खुंबूच्या वाटेवर लावून पाहू. लुक्ला २८६० मीटरवर आहे, पण पहिल्या दिवशी वाट दूधकोसी नदीकडे उतरते आणि मुक्काम २६१० मीटरवरच्या फाकडिंगला पडतो. विमानाने उडी मारून आल्यानंतरची ही उतरण फायद्याची आहे. दुसरा दिवस नामचेचा. एका दिवसात ८३० मीटर, म्हणजे सगळ्या वाटेवरची सर्वांत मोठी वाढ. पाय साथ देत असतील तर पहिल्याच दिवशी फाकडिंग ओलांडून २८३५ मीटरवरच्या मोंजोपर्यंत जाणे शहाणपणाचे. मग नामचेची वाढ सहाशेवर येते आणि शेवटचा उभा चढ सकाळच्या ताज्या पायांनी चढता येतो. बहुतेक कंपन्यांच्या छापील कार्यक्रमात फाकडिंगच असते, पण ही दुरुस्ती मागून घ्यावी.

नामचेला दुसरी रात्र काढायची. त्या दिवशी दिवसभर पांघरुणात पडून राहणे उपयोगाचे नसते. सकाळी स्यांगबोचेच्या जुन्या धावपट्टीवरून ३८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढायचे, जमल्यास खुमजुंग गाव पाहायचे आणि दुपारच्या जेवणाला नामचेत परतायचे. तीन-चार तासांत शरीराला पुढच्या मुक्कामाच्या उंचीची ओळख होते आणि झोप पुन्हा खालच्या हवेत मिळते. दम लागेपर्यंत धावपळ केली तर मात्र फायदा जातो. बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवावा.

तिथून तेंगबोचे ३८६० वर, म्हणजे ४२० मीटरची वाढ, आणि दुसऱ्या दिवशी डिंगबोचे ४४१० वर, म्हणजे ५५० ची. या दोन दिवसांनंतर डिंगबोचेला पुन्हा एक जादा रात्र. गावामागचा नांगकार्टशांगचा डोंगर चढून निदान ४७००-४८०० मीटरपर्यंत जाऊन यायचे. पुढे ४९१० मीटरवरचे लोबुचे म्हणजे ५०० ची वाढ, आणि शेवटी ५१४० मीटरवरचे गोरक्षेप म्हणजे २३० ची. गोरक्षेपला सामान टाकून त्याच दिवशी बेस कॅम्पला जाऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थर चढून खाली फेरिचेला उतरतात.

नामचेची पहिली रात्र ते गोरक्षेपची रात्र यांत सहा दिवसांचे अंतर आणि १७०० मीटरची वाढ आहे. म्हणजे दिवसाला सरासरी २८० मीटर. दोन्ही जादा रात्री काढून टाकल्या तर तीच वाढ चार दिवसांत पडते आणि सरासरी सव्वाचारशेवर जाते. कागदावर ती ५०० च्या आतच दिसते, म्हणून ती चालेल असे वाटते. पण त्याआधीची फाकडिंग-नामचे ही ८३० मीटरची उडी या हिशेबात धरलेली नाही. ती फेडायला नामचेची जादा रात्र लागते, आणि दोन दिवसांत झालेली जवळजवळ हजार मीटरची वाढ पचवायला डिंगबोचेची.

पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी या डॉक्टरांनी १९७६ मध्ये फेरिचेला आलेल्या २७८ ट्रेकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना उंचीचा सौम्य किंवा तीव्र आजार झालेला होता, आणि लुक्लापर्यंत विमानाने आलेल्यांत तो चालत आलेल्यांपेक्षा जास्त होता. त्या काळी अनेकजण काठमांडूजवळून आठवडाभर चालत, टेकड्या चढत-उतरत लुक्लाच्या उंचीवर पोहोचत. आज जवळजवळ सगळे विमानाने येतात. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना हंगामात सुरू असतो आणि तिथले डॉक्टर दुपारी ट्रेकरांना उंचीच्या आजाराची माहिती देतात. वेळापत्रकात बसत असेल तर डिंगबोचेच्या जादा दिवशी ती ऐकायला जावे. दोन्ही गावांत तासाभराचेच अंतर आहे.

जादा रात्र पुरली की नाही हे शरीर सांगते. नव्या उंचीवर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागले आणि जोडीला मळमळ, भूक मरणे, विलक्षण थकवा किंवा चक्कर यांतले काही असले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार मानायचा. प्रवास, ऊन, कमी पाणी, बिघडलेले पोट अशी कारणे प्रत्येकाला सुचतात आणि कधी ती खरीही असतात. पण चुकीची किंमत सारखी नाही. साधी डोकेदुखी आजार समजून एक दिवस थांबले तर एक दिवस जातो. आजाराला साधी डोकेदुखी समजून वर गेले तर जीव जाऊ शकतो.

सौम्य लक्षणे असताना वर चढायचे नाही, आहे तिथेच थांबायचे. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. चोवीस तासांत उतार नसेल किंवा त्रास वाढत असेल तर खाली. दोन खुणा दिसल्या तर सकाळची वाटही पाहायची नाही. पहिली म्हणजे तोल जाणे. जमिनीवरच्या सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत चालायला सांगावे. माणूस झोकांड्या देत असेल, बोलण्यात गोंधळ असेल, तर मेंदूला सूज येते आहे. दुसरी म्हणजे बसल्या जागी धाप लागणे, सोबत खोकला आणि छातीत खरखर. फुप्फुसांत पाणी साचू लागल्याचे हे लक्षण बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री दिसते, आणि डोकेदुखी नसतानाही दिसू शकते. दोन्हींवर औषधे आहेत, ऑक्सिजन आहे, माणसाला आत ठेवून दाब वाढवण्याची पिशवी आहे. पण हे सगळे उतरण्याची सोय होईपर्यंतचे उपाय. निदान हजार मीटर, किंवा लक्षणे कमी होईपर्यंत, खाली नेणे हाच इलाज. आजाऱ्याला एकट्याने उतरू द्यायचे नाही, म्हणून गटात किमान दोन वाटाडे हवेत. एक आजाऱ्याबरोबर खाली गेला तरी बाकीच्यांना कोणी उरायला हवा.

हल्ली प्रत्येक गटात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असतो. गोरक्षेपला पंचाहत्तर ते पंच्याऐंशीच्या दरम्यानचा आकडा निरोगी माणसातही सर्रास दिसतो. बोट गार असले तर यंत्र चुकते, आणि माणसामाणसांत फरक खूप असतो. आकडा चांगला आहे म्हणून डोके दुखत असताना वर जाणे, किंवा आकडा कमी आहे म्हणून बऱ्या माणसाने घाबरणे, दोन्ही गैर. निर्णय लक्षणांवर घ्यायचा.

इथपर्यंतचा हिशेब शरीराचा झाला. वेळापत्रकातल्या दुसऱ्या प्रकारच्या जादा दिवसांचे कारण पूर्णपणे वेगळे आहे: हवामान. आणि खुंबूत हवामानाचा फटका बेस कॅम्पपेक्षा लुक्लाच्या धावपट्टीवर जास्त बसतो.

ही धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि चढती आहे. एका टोकाला डोंगराची भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. इथे उपकरणांच्या भरवशावर विमान उतरवण्याची सोय नाही. वैमानिकाला डोळ्यांनी पट्टी दिसावी लागते, आणि एकदा उतरायला घेतल्यावर माघार नसते. म्हणून ढग उतरले किंवा वारा वाढला की उड्डाणे थांबतात. दुपारी वारा आणि ढग दोन्ही वाढत असल्याने बहुतेक विमाने सकाळीच जातात. काठमांडूच्या विमानतळावरच्या गर्दीमुळे हंगामात बरीचशी उड्डाणे रामेछापच्या मंथली विमानतळावरून होतात. तिथे जायला काठमांडूहून मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तासांचा रस्त्याचा प्रवास करावा लागतो.

एक-दोन दिवस विमाने बंद राहिली की एक विचित्र गोष्ट घडते. तिसऱ्या दिवशी आकाश निवळते, पण त्या दिवशीची तिकिटे असलेले प्रवासी आधी जातात, आणि अडकलेल्यांना रिकाम्या जागा किंवा जादा फेऱ्यांची वाट पाहावी लागते. त्यामुळे हवामानाने दोन दिवस खाल्ले की माणसाचे तीन-चार दिवस जातात. नोव्हेंबर २०११ मध्ये धुक्यामुळे लुक्लाची उड्डाणे सलग जवळजवळ आठवडाभर ठप्प होती आणि दोन हजारांहून अधिक पर्यटक गावात अडकून पडले. तेही वर्षातला सर्वांत स्वच्छ मानल्या जाणाऱ्या महिन्यात. हेलिकॉप्टर हा पर्याय आहे. ते ढगांच्या फटीतून थोडे अधिक जाऊ शकते, पण त्यालाही दृश्यता लागते आणि भाडे विमानाच्या कित्येक पट पडते. तिसरा मार्ग पायी आणि जीपने सल्लेरीकडे उतरून रस्त्याने काठमांडू गाठण्याचा, त्याला दोन-तीन दिवस लागतात.

वरच्या भागातला धोका हिमवृष्टीचा. ऑक्टोबरमध्ये मान्सून परतलेला असतो, पण बंगालच्या उपसागरात त्याच सुमारास चक्रीवादळे उठतात आणि त्यांतले एखादे हिमालयापर्यंत ओलावा नेते. ऑक्टोबर २०१४ मध्ये आंध्र किनाऱ्यावर आदळलेल्या हुदहुद वादळाच्या अवशेषांनी मध्य नेपाळमध्ये प्रचंड बर्फ टाकला. अन्नपूर्णा परिसरातल्या थोरांग ला खिंडीच्या आसपास आणि शेजारच्या भागात चाळीसहून अधिक माणसे मेली. कित्येकजण खिंड ओलांडून जाऊ या विचाराने बर्फातही निघाले होते. त्यांच्या वेळापत्रकात थांबायला दिवस नव्हता म्हणून ते निघाले की आणखी कशामुळे, हे प्रत्येकाबाबत सांगता येणार नाही. पण वाट बंद असताना पुढे ढकलणारे सर्वांत मोठे कारण परतीची तारीख असते, हे डोंगरात वावरणारे सगळे जाणतात. बंगालच्या उपसागरातल्या वादळाची सूचना तीन-चार दिवस आधी मिळते. ऑक्टोबरात निघणाऱ्याने नेपाळच्या अंदाजाबरोबर भारताच्या पूर्व किनाऱ्याचाही अंदाज पाहत राहावा.

राखीव दिवस किती आणि कुठे ठेवायचे? बेस कॅम्पसाठी तीन हा वाजवी आकडा आहे. ते कागदावर सगळे शेवटी, लुक्लाहून परतण्याच्या आणि घरच्या विमानाच्या मध्ये ठेवायचे. मधल्या एखाद्या गावाच्या नावाने आधीच बांधून टाकले तर ते गाव ओलांडल्यावर त्यांचा उपयोग संपतो. शेवटी ठेवलेला दिवस मात्र वाटेत कुठेही खर्च करता येतो. वरच्या भागात थांबावे लागले तर डिंगबोचे किंवा फेरिचेला थांबावे, गोरक्षेपला नाही. पाच हजार मीटरच्या वर शरीर सावरत नाही, भूक जाते, झोप तुटते, वजन उतरते. तिथे दोन दिवस बर्फ थांबण्याची वाट पाहणारा माणूस निघताना आला त्याहून दुबळा असतो.

आता एक काल्पनिक गट घेऊन तारखा मांडू. मुंबईहून १० ऑक्टोबरला काठमांडू, ११ ला तयारी. १२ ला लुक्ला आणि फाकडिंग, १३ आणि १४ नामचे, १५ तेंगबोचे, १६ आणि १७ डिंगबोचे, १८ लोबुचे, १९ गोरक्षेप आणि बेस कॅम्प, २० काला पत्थर करून फेरिचे, २१ नामचे, २२ लुक्ला, २३ ला काठमांडू. २४, २५ आणि २६ राखीव. २७ ला मुंबईचे विमान.

१२ आणि १३ ला लुक्लाची उड्डाणे झाली नाहीत आणि गट १४ ला पोहोचला, असे धरू. दोन दिवस गेले. इथे पहिला मोह होतो: नामचेची जादा रात्र गाळली की एक दिवस परत मिळेल. काहीजण असेही म्हणतात की दोन दिवस विश्रांती तर झालीच. पण ती विश्रांती काठमांडूत १४०० मीटरवर किंवा मंथलीत पाचशेच्याही खाली झाली. तिचा उंचीच्या हिशेबात एक मिनिटही धरता येत नाही. तेव्हा सगळा कार्यक्रम दोन दिवस पुढे सरकवायचा. बेस कॅम्प २१ ला, लुक्ला २४ ला, काठमांडू २५ ला. राखीव दिवस एकच उरला.

गट १८ आणि १९ च्या रात्री डिंगबोचेला काढतो. २० ला सकाळी उठल्यावर गुडघाभर बर्फ आहे आणि अजून पडते आहे. थांबायचे. शेवटचा राखीव दिवस संपला. हा थांबा मात्र वाया गेलेला नाही, कारण तो ४४१० मीटरवर झाला. तिसऱ्या रात्रीनंतर शरीर लोबुचेसाठी अधिक तयार असते. २१ ला निघता आले, तर २२ ला बेस कॅम्प, २५ ला लुक्ला, २६ ला काठमांडू आणि २७ ला घर. पण आता लुक्लाचे विमान एक दिवस जरी चुकले तरी मुंबईचे विमान जाणार.

समजा २१ लाही वाट उघडली नाही. आता गटापुढे तीन मार्ग आहेत. एक, २२ ला निघून लोबुचे गाळून थेट गोरक्षेपला जाणे. चार रात्री डिंगबोचेत काढल्यामुळे ७३० मीटरची ही वाढ एरवीइतकी धोक्याची नाही, सरासरी सांभाळली जाते. पण ताज्या बर्फातून दोन दिवसांचे अंतर एका दिवसात तुडवायचे म्हणजे गट संध्याकाळी दमलेला आणि गारठलेला पाच हजारांच्या वर पोहोचणार, आणि रात्री कोणाला त्रास झाला तर अंधारात बर्फातून खाली न्यायचे. हा मार्ग सोडून द्यावा. दोन, मुंबईचे तिकीट बदलून दोन-तीन दिवस वाढवणे. रजा आणि पैसा असेल तर हाच उत्तम, आणि म्हणून बदलता येणारे तिकीट थोडे महाग असले तरी घ्यावे. तीन, बेस कॅम्प सोडणे. २२ ला वाट जेवढी उघडली असेल तेवढे थुकलापर्यंत चालून फेरिचेला परतायचे, २३ ला नामचे, २४ ला लुक्ला, २५ ला उड्डाण, आणि एक दिवस हाताशी.

या उदाहरणात कापणीचा क्रम दिसतो. आधी राखीव दिवस जातात, मग काला पत्थरसारखी जोडठिकाणे, मग खुद्द बेस कॅम्प. नामचे आणि डिंगबोचेच्या जादा रात्री कुठल्याच पायरीवर कापल्या जात नाहीत. हा क्रम आणि मागे फिरण्याची तारीख दोन्ही निघण्यापूर्वी, सगळ्यांसमोर, कागदावर ठरवावीत. इथे ती तारीख २१ ऑक्टोबर होती: त्या दिवशी डिंगबोचे सोडता आले नाही तर तिकीट बदलल्याशिवाय बेस कॅम्प नाही. ४४०० मीटरवर, बर्फात अडकलेल्या लॉजमध्ये, चौथ्या दिवशी हा निर्णय नव्याने घ्यायला बसले तर मतभेद होतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते.

राखीव दिवस आजारपणासाठीही लागतात, आणि तिथे गटाचा हिशेब थोडा बदलतो. डिंगबोचेला एकाचे डोके दुखते आहे आणि बाकी सात बरे आहेत, तर सगळ्यांनी थांबायचे की एका वाटाड्यासह त्याला मागे ठेवायचे? दिवस शिल्लक असेल तर सगळ्यांनी थांबावे. तसे केले नाही, तर आपल्यामुळे सगळे अडतील या संकोचाने आजारी माणूस लक्षण लपवतो, आणि लपवलेले लक्षण दोन रात्रींनी गोरक्षेपला उघड होते. दिवस शिल्लक नसेल तर वाटाड्यासह मागे ठेवावे. पण तो मागे राहिला तर त्याचे पुढे काय, बरा झाल्यावर तो वर येणार की इथेच थांबणार, हे तिथेच सर्वांसमोर ठरवून टाकावे.

बाकी व्यवस्था थोडक्यात सांगण्यासारखी आहे. परतीचे विमान लुक्लाच्या उड्डाणानंतर दुसऱ्याच दिवशी ठेवू नये. विमा घेताना हेलिकॉप्टरने सुटका आणि ६००० मीटरपर्यंतची उंची त्यात स्पष्ट लिहिलेली आहे का हे पाहावे. अनेक साध्या प्रवास विम्यांत तीन-चार हजार मीटरच्या वरचे ट्रेकिंग बसत नाही. राखीव दिवसांचा मुक्काम, जेवण आणि वाटाड्या-हमालांची मजुरी यांचे पैसे नेपाळी रुपयांत रोख जवळ ठेवावेत, कारण नामचेच्या वर एटीएमचा भरवसा धरता येत नाही. आणि राखीव दिवस खर्च झाले तर त्या दिवसांची मजुरी कोण देणार हे कंपनीशी आधीच लेखी ठरवावे. नाहीतर तो बोजा हमालांवर पडतो, आणि थांबायचे की नाही हे ठरवताना वाटाड्याही मोकळेपणाने बोलू शकत नाही.